काकांच्या रेकॉर्डिंगमधला वारा : जून महिन्याच्या नोंदी

१ जून

वरळी कोळीवाड्यातलं रेकॉर्डिंग आज माझ्याकडे साफ करायला आलं. एकूण ४१ मिनिटं, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकच कॉलर माइक. मैत्रिणीने मेच्या शेवटच्या आठवड्यात केलंय, पावसाळी बंदी लागायच्या आधी, बोटी वर ओढायची गडबड चालू असताना. बोलणारे काका ६६ वर्षांचे, आयुष्यभर डोल जाळ्यावर काम केलेले. समुद्राकडे तोंड करून बसलेत आणि वारा थेट छातीवर, म्हणजे थेट माइकवर. माइकला फक्त ती छोटी फोमची टोपी होती, केसाळ वाली नव्हती.

आधी लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकलं तर मस्त वाटलं, काही प्रॉब्लेमच नाही. मग हेडफोन लावले आणि पहिल्या दहा सेकंदात काढून ठेवले. लॅपटॉपच्या स्पीकरमधून खालचा आवाज जवळजवळ येतच नाही त्यामुळे हे काम त्याच्यावर तपासायचंच नाही, हे स्वतःसाठी लिहून ठेवते.

काकांचं बोलणं साधारण उणे १८ डेसिबलच्या आसपास जातंय आणि वाऱ्याचे धक्के उणे ३ पर्यंत, म्हणजे मीटर जे दाखवतोय तो काकांचा आवाज नाहीच, वाराच आहे. आणि हा वारा म्हणजे आपण कानाने ऐकतो तो वाऱ्याचा आवाजसुद्धा नाही. हवा माइकच्या तोंडाशी आपटून भोवरे तयार होतात, त्या भोवऱ्यांचा दाब पडद्यावर पडतो, आणि त्याची घरघर रेकॉर्ड होते. तिथे उभ्या असलेल्या माणसाला ती ऐकू आलेलीच नसते, म्हणून ती काढताना जागेचं काही हरवत नाही. मागे ताडपत्री फडफडतेय, दोर खांबावर आपटतोय, तो खरा वारा, आणि तो वरच्या पट्टीत आहे, त्याला हात लावायची गरज नाही.

एकूण २२ मिनिटं निवडलीत. पंखा बंद ठेवून काम करावं लागणार, जूनमध्ये दादरला, असो.

२ जून

फिल्टर लावायच्या आधी नुसतं बघत बसले. घाई केली की हीच पायरी राहते.

आधी क्लिपिंग शोधलं, म्हणजे आवाज इतका मोठा की लहरीचा माथाच छाटला गेलाय अशा जागा. झूम करून पाच ठिकाणी वेव्हफॉर्मचा माथा सपाट सापडला, आणि गंमत म्हणजे शून्य डेसिबलला, म्हणजे फाइलच्या कमाल मर्यादेला, नाही तर उणे ३ लाच सपाट. म्हणजे फाइलमध्ये जागा होती पण त्याच्या आधीच, माइकच्या किंवा प्रीअँपच्या सर्किटमध्ये, सिग्नल भिंतीला टेकला होता. फक्त लाल दिवा बघणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. हे आधी सापडणं फार महत्त्वाचं, कारण हाय-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक पट्टीच्या खालचं कापणारा, लावला की ते सपाट माथे तिरके होतात, मग डी-क्लिप करणाऱ्या टूलला ते ओळखूच येत नाहीत. म्हणून क्रम असा : आधी डी-क्लिप, मग हाय-पास, मग स्पेक्ट्रल रिपेअर, आणि मोठा आवाज दाबून पातळी सारखी करणारा कॉम्प्रेसर सगळ्यात शेवटी, नाहीतर तो वाऱ्याच्या धक्क्यावर दबतो आणि काकांचा आवाज विनाकारण वरखाली होतो.

पाचपैकी चार जागा डी-क्लिपने ठीक झाल्या. पाचवी, २३:४० ची, जवळजवळ अर्धा सेकंद लांब आहे आणि तिथे वाऱ्याने आवाज अक्षरशः गिळलाय. सिग्नल भिंतीला टेकलेला असताना त्याच्यावर स्वार झालेला आवाज रेकॉर्डच होत नाही, त्यामुळे कुठल्याही टूलला तिथे काढायला काही नाहीच.

मग स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, आडवी वेळ आणि उभी पट्टी. एफएफटी साइज, म्हणजे एका वेळी किती नमुने मोजायचे ते, ४०९६ ठेवला तर काकांच्या आवाजाच्या आडव्या रेघा वेगवेगळ्या दिसतात, खालची ११५ च्या आसपास, तिच्यावर २३०, ३४५ अशा. वाक्य संपताना खालची रेघ ९० पर्यंत उतरते. वारा म्हणजे तळाशी धुरासारखा पसरलेला डाग. बहुतेक वेळ तो ७० हर्ट्झच्या खालीच असतो, पण मोठा झोत आला की अर्धा-पाऊण सेकंद २८०-३०० पर्यंत चढतो आणि काकांच्या खालच्या दोन रेघांना झाकून टाकतो.

म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. सततची घरघर, ती फिल्टरने जाईल. झोत, ते फिल्टरने जाणार नाहीत, कारण ते आवाजाच्याच घरात शिरलेत.

४ जून

काल रात्री मला लवकर संपवायचं होतं म्हणून हाय-पासचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या खालचं कापायचं ती पट्टी, सरळ १६० हर्ट्झला नेला, उतार २४ डेसिबल प्रति सप्तक. हेडफोनवर एकदम स्वच्छ. आवाज थोडा पातळ झाला, पण झोतसुद्धा बऱ्यापैकी दबले, आणि मी स्वतःला सांगितलं की टेलिफोनच्या जुन्या लाइनवर तर ३०० च्या खालचं काही जातच नव्हतं तरी माणसं एकमेकांना ओळखत होतीच की. ते खरंही आहे. खालची रेघ नसली तरी वरच्या रेघांमधलं अंतर ११५ च असतं, आणि त्या अंतरावरून कान मूळ पट्टी स्वतःच धरतो. तर तीच फाइल मैत्रिणीला लिहून काढायला पाठवून दिली.

६ जून

लिहून काढलेलं आलं. तीन ठिकाणी चुकलंय आणि चूक तिची नाही, माझी आहे.

काकांचं वाक्य आहे, "डोल लावायला पाण्याची ओढ बघावी लागते." तिने लिहिलंय "टोल लावायला". मी फोन केला तर म्हणाली, "अगं, समोर सी लिंक आहे ना, मला वाटलं त्या टोलबद्दल काहीतरी बोलतायत आणि मधला तुकडा तू कापलायस." बरोबर आहे तिचं, त्या जागेवरून वांद्रे-वरळी सी लिंक समोरच दिसतो, तिला शब्द खटकायचं काही कारणच नव्हतं. दुसरीकडे "गळ" चं "कळ" झालंय. तिसरीकडे "बोट" होतं तिथे तिने प्रश्नचिन्ह टाकून "पोट?" लिहिलंय.

ड चा ट, ग चा क, ब चा प. तिन्ही चुका एकाच दिशेने. हा योगायोग असूच शकत नाही.

मूळ फाइल उघडली, ७:४२. एफएफटी साइज आता १०२४, कारण ४०९६ ची खिडकी ८५ मिलिसेकंद लांब असते आणि मला त्याहून बारीक गोष्ट बघायची होती. तर "डोल" चा ड असा दिसतो : जीभ टाळूला टेकलेली असते, तोंड बंद, आणि तरी स्वरतंतू वाजत असतात. तो आवाज गळ्याच्या आणि गालाच्या कातडीतून बाहेर येतो त्यामुळे त्यात फक्त तळाची रेघ असते, ११५ ची, आणि २३० ची अगदी पुसट. साधारण ८० मिलिसेकंद. वर काही नाही, कोरं. मग जीभ सुटते आणि "ओ" सुरू होतो, एकदम सगळ्या रेघा उजळतात.

गळ्याला बोट लावून "डोल" आणि "टोल" म्हणून बघा, ड च्या वेळी जीभ सुटायच्या आधीच थरथर लागते, ट च्या वेळी नाही लागत. बाकी दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच आहेत, कारण आपला ट फुंकर न घालता म्हटला जातो. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ट फुंकरीसकट येतो आणि ती फुंकर वरच्या पट्टीत असते, म्हणून इंग्रजी बोलण्यावर कटऑफ थोडा वर गेला तरी निभावून जातं. आपल्याकडे ट आणि ड मधला फरक मोठ्या प्रमाणात त्या तळाच्या ८० मिलिसेकंदांवरच उभा आहे, आणि मी १६० चा फिल्टर लावून नेमका तोच कापला.

आकडा काढून बघितला. चौथ्या ऑर्डरचा बटरवर्थ, म्हणजे तोच २४ डेसिबल उताराचा फिल्टर, कटऑफ १६०, तर ११५ हर्ट्झवर जवळजवळ १२ डेसिबल जातात. कटऑफ ८० केला तर ११५ वर पाव डेसिबलसुद्धा जात नाही, आणि वाक्याच्या शेवटी ९० वर दीड डेसिबलच्या आतच. तिकडे ४० हर्ट्झची घरघर २४ डेसिबलने खाली आणि २० ची ४८ ने.

एक सांगायला हवं, की बाकी ठिकाणी काकांनी "डोल" म्हटलंय आणि तिथे १६० लावूनसुद्धा तिने "डोल" च लिहिलंय. त्या जागी झोत नव्हता. म्हणजे एकट्या फिल्टरने शब्द बदलला नाही. फिल्टरने ड चा आधार कमी केला आणि १६० च्या वर उरलेल्या वाऱ्याने उरलासुरला झाकला. दोन्ही मिळून झालं.

७ जून

फिल्टर पुन्हा. १६० रद्द, ८० पक्का.

```
ffmpeg -i declip.wav -af "highpass=f=80:t=q:w=0.541,highpass=f=80:t=q:w=1.307" -c:a pcm_s24le hp.wav
```

हा एक `highpass` म्हणजे १२ डेसिबल प्रति सप्तक, म्हणून दोन लागोपाठ लावले. पण नुसता तोच फिल्टर दोनदा लावला तर कटऑफवर ३ ऐवजी ६ डेसिबल जातात आणि गुडघा मऊ होऊन फिल्टर वरती, म्हणजे काकांच्या ९० पर्यंत, जास्त खातो. म्हणून दोघांचे क्यू, म्हणजे गुडघ्याचा टोकदारपणा, वेगळे, ०.५४१ आणि १.३०७, दोन्ही मिळून खरा बटरवर्थ होतो. `-c:a` नाही लिहिलं तर फाइल १६ बिटची होऊन बाहेर येते, ते एकदा झालं म्हणून लिहितेय.

सततची घरघर गेली. सर्वात मोठा धक्का आता उणे ९ वर, आणि काकांचा आवाज भरलेला, छातीतून येतो तसाच. झोत मात्र जसेच्या तसे, उलट आजूबाजूला शांत झाल्यामुळे जास्तच टोचतायत. निवडलेल्या २२ मिनिटांत ३७ मोजले.

नॉइज प्रोफाइल घेऊन डीनॉइज पण करून बघितलं, पाच मिनिटांत सोडलं. ते एसीच्या गुणगुणीसारख्या एका जागी बसलेल्या आवाजासाठी आहे आणि झोत दर वेळी वेगळा.

९ जून

पहिल्यांदा जे केलं ते चुकलं, पण काय चुकलं ते नीट लिहिते.

RX ह्या आवाज दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये `Spectral Repair`, त्यातला `Attenuate`. हा निवडलेल्या चौकोनाची तुलना आजूबाजूच्या भागाशी करतो आणि जे जास्तीचं उठून दिसतं ते खाली आणतो, नवीन काही बनवत नाही. त्याच खिडकीतले बाकीचे मोड आजूबाजूचं घेऊन भोक भरतात, आणि एका माणसाच्या आठवणीच्या रेकॉर्डिंगमध्ये मला भरलेलं काही नकोय, त्यामुळे ते बाजूला.

मी पूर्ण झोत, ८० ते ३००, एका चौकोनात घेतला आणि जोर पूर्ण दिला. वारा गेला. पण काकांचा आवाज त्या अर्ध्या सेकंदापुरता पातळ, पत्र्यासारखा झाला आणि लगेच पुन्हा भरला. सलग पातळ आवाज कानाला दोन मिनिटांत सवयीचा होतो, पण असा मध्येच बदलणारा प्रत्येक वेळी कळतो. ऐकणारा म्हणेल इथे काहीतरी केलंय. वारा होता तेव्हा निदान तो वारा आहे हे तरी कळत होतं.

मग जोर कमी केला, चौकोनाऐवजी हाताने आकार काढला, कडा मऊ ठेवल्या, आणि मुख्य म्हणजे रेघा सोडून त्यांच्या मधली जागा निवडली, म्हणजे ११५ आणि २३० च्या मधला पट्टा, मग २३० आणि ३४५ च्या मधला. वारा धुरासारखा सगळीकडे असतो आणि आवाज फक्त रेघांवर, त्यामुळे मधल्या जागेतून घेतलेलं सगळं वाऱ्याचंच असतं. रेघेवर बसलेला वारा राहतो पण तो आवाजाच्या खालीच दबतो. एका वेळी थोडं, दोन फेऱ्यांत. हे खूप जास्त बरं निघालं.

१० जून, रात्री

आज ७:४२ बसवला, एकाच शब्दाला चाळीस मिनिटं गेली आणि ती गेली ते बरं झालं.

झोत साधारण ०.६ सेकंदाचा आहे. तो "डोल" च्या आधी सुरू होतो आणि "लावायला" च्या पहिल्या अक्षरावर संपतो. त्याचे मी तीन तुकडे केले. "ओ" आणि "ल" च्या भागात स्वर चालू आहे, वरच्या रेघा धडधडीत दिसतायत, तिथे ८० ते २०० मधून बरंच काढलं, खालची रेघसुद्धा थोडी दबली तरी चालली, कारण कान पट्टी वरून धरतोच. पण ड च्या त्या ८० मिलिसेकंदांत वर काहीच नाही, आहे ते तळाशीच. तिथे फक्त १३५ ते २१५ चा पट्टा निवडला आणि ९५ ते १३५ ला हात लावला नाही.

म्हणजे कालचा माझा समज, की झोतात सगळीकडे खालचं काढता येईल, तो अर्धाच खरा. स्वरांना ते सोसतं. बंद तोंडाच्या ब, द, ड, ग ला सोसत नाही.

नंतर अजून एक गोष्ट लक्षात आली आणि मी उठून पाणी पिऊन आले. त्या ९५ ते १३५ च्या पट्ट्यात काकांचा स्वर आहे तसा उरलेला वारापण आहे. तो वारापण कानाला घोषाचाच, म्हणजे स्वरतंतूंच्या थरथरीचाच, वाटतो. इथे ड आहे म्हणून ते पथ्यावर पडलं. पण हेच जर "पाणी" च्या प वर झालं तर? प मध्ये ओठ बंद असताना गळा गप्प असतो, तळाशी काहीच नसायला हवं, आणि तिथे जर मी वारा ठेवला तर "बाणी" ऐकू येईल. शोधलं, आणि १२:१८ ला खरंच तसं आहे, ७ तारखेच्या फाइलमध्ये डोळे मिटून ऐकलं तर "बाणी" वाटतं. तिथे मग उलट केलं, ओठ बंद असतानाचे जेमतेम ९० मिलिसेकंद, ३०० च्या खालचं जेवढं जाईल तेवढं काढलं. "पाणी" झालं.

पण मग हे ठरवायचं कसं की इथे घोष आहे की नाही? मी शब्द आधीच ओळखून त्याप्रमाणे कापत गेले तर ती दुरुस्ती नाही, मी काकांच्या तोंडात अक्षर घालतेय. म्हणून खूण शब्दात नाही, चित्रात शोधायची. खरा घोष बारीक रेघ असते, मागच्या स्वराच्या रेघेला जोडलेली, किंवा पुढच्या स्वराची रेघ जिथे सुरू होते तिथे जाऊन टेकणारी, आणि एफएफटी साइज २५६ वर आणला की तिच्यात नियमित उभे ठोके दिसतात, ११५ हर्ट्झला साधारण दर ८.७ मिलिसेकंदांनी एक. वाऱ्यात ते ठोके नसतात, नुसता डाग. ठोके दिसले तर घोष ठेवायचा. अजिबात नाहीत आणि डाग पातळ आहे तर खालचं काढायचं. डाग इतका दाट की काहीच दिसत नाही, तर जसं आहे तसं सोडायचं.

१३ जून

पाऊस. खिडकीच्या छज्ज्यावर इतका आवाज की हेडफोनमधलं खालचं काही कळेना, आज काम नाही.

१५ जून

रात्री शेवटची लोकल गेल्यावर बसतेय. गाडी गेली की जमिनीतून जी धडधड येते ती नेमकी ह्याच पट्टीतली असते आणि तीनदा मी वारा समजून मध्य रेल्वे कापायला निघाले होते.

एकोणीस झोत झाले. तपासायची पद्धत आता बसलीय : दुरुस्त फाइल आधीच्या फाइलमधून वजा करायची आणि जे काढलं तेवढंच ऐकायचं.

```
sox -m -v 1 hp.wav -v -1 fix.wav diff.wav
```

ह्या `diff.wav` मध्ये नुसती घरघर ऐकू आली तर ठीक. काका काय बोलतायत ते त्यात समजायला लागलं तर मी जास्त घेतलंय. एक सांभाळायचं, की वजाबाकी हाय-पास झालेल्या फाइलमधून करायची, मूळ फाइलमधून नाही. हाय-पास फिल्टर कटऑफच्या आसपास लहरींची वेळपण, म्हणजे फेज, हलवतो, त्यामुळे मूळमधून वजा केलं तर काकांचा आवाज भरपूर ऐकू येतो जरी तो कापला गेलेला नसला तरी, आणि मी त्यावरून एक अख्खी संध्याकाळ घाबरून काढली.

१८ जून

३७ पूर्ण. त्यातले ३१ नीट झाले. तीन मी अर्धे सोडलेत, वारा ऐकू येतो पण शब्द कळतो आणि अजून घेतलं तर आवाज पातळ होतो. उरलेल्या तिघांत डाग दाट होता, ते हात न लावता ठेवलेत. त्यातला एक ३१:१२ चा, तिथे काका "बोट" म्हणतात की "पोट" हे मला आजही चित्रावरून सांगता येत नाही. वाक्यावरून कुणीही सांगेल, बोटच. आणि एक सोपा रस्ता समोर होता, काकांनी दुसऱ्या मिनिटाला स्वच्छ "बोट" म्हटलंय, त्यातले ब चे ८० मिलिसेकंद उचलून इथे चिकटवले असते तर कुणाला कळलंही नसतं. मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "नको. वाचणाऱ्याला वाक्यावरून कळेल, आणि आपण कंसात लिहू की इथे वारा आहे." मलाही तेच हवं होतं.

२० जून

ऐकण्याची परीक्षा. मैत्रिणीने आधीचं ऐकलेलं असल्यामुळे ती चालणार नव्हती, म्हणून तिच्या धाकट्या भावाला बसवलं, त्याला विषय काय तेही सांगितलं नाही. झोतातले बारा शब्द, आजूबाजूचं वाक्य कापून, नुसते शब्द. प्रत्येक शब्द दोनदा, एकदा १६० वाल्या जुन्या फाइलमधला आणि एकदा आत्ताचा, क्रम उलटसुलट. त्याने ऐकू येईल ते लिहायचं.

जुन्यातले पाच चुकले. आत्ताच्यातला एक चुकला, "गळ" ला त्याने अजूनही "कळ" लिहिलं. परत जाऊन बघितलं तर ग च्या बंद भागात मी मधला पट्टा काढताना कड जास्त मऊ ठेवली होती आणि निवड खाली ११५ च्या रेघेवर सांडली होती. कड आवळली, पुन्हा केलं. त्याला आता परत विचारून उपयोग नाही, त्याला शब्द माहीत झालाय. आमच्या मजल्यावरच्या काकूंना ऐकवला. "गळ, मासे धरायचा," असं म्हणाल्या.

२३ जून

कोळीवाड्यात जाऊन आले. २३:४० चा गिळलेला अर्धा सेकंद काकांना विचारायचा होता. त्यांच्या घरात बसून माझे हेडफोन त्यांना लावले. बोटी वर ओढून झाकलेल्या, बंदी ३१ जुलैपर्यंत, त्यामुळे ते निवांत होते. त्यांनी त्या जागेच्या आधीचं पुढचं दोनदा ऐकलं आणि म्हणाले, "काय बोललो ते आता आठवत नाय गो, तू तिथं कोरंच ठेव." कोरंच ठेवलं.

मग सुरुवातीपासून पंधरा मिनिटं ऐकत बसले. मध्येच हात वर केला, मला वाटलं काहीतरी खटकलं. ताडपत्रीचा आवाज आला होता. "ही आपलीच ताडपत्री ना, तिचा कोपरा फाटलाय तो फडफडतोय." मी म्हटलं, "हो काका, ती ठेवलीय." ते म्हणाले, "ठेव, त्या दिवशी वारा होताच."

२४ जून

फायनल फाइल दिली. सोबत मूळ ४१ मिनिटांची फाइल, हात न लावलेली, आणि ३७ झोतांची यादी, वेळ आणि काय केलं ते, म्हणजे उद्या कुणाला एखाद्या शब्दाची शंका आली तर मूळ उघडून बघता येईल. लिहून काढलेल्यात ७:४२ ला "डोल" आलंय. ३१:१२ ला कंस आहे.

पुढचं रेकॉर्डिंग नारळी पौर्णिमेच्या आसपास, तेव्हाही वारा असणार. कॉलर माइकची केसाळ टोपी मागवलीय, आणि मैत्रिणीला सांगितलंय की काकांना समुद्राकडे पाठ करून बसव, म्हणजे त्यांचीच छाती माइकला आडोसा होईल. ती म्हणाली समुद्राकडे पाठ करून ते बोलणार नाहीत. मग बाजूने बसव म्हटलं, वारा खांद्यावर येऊ दे.